पेनाच्या खुणा

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सध्या एक कात्रण लावलंय. पाचपाखाडीतल्या जुन्या बिल्डिंगींच्या रिडेव्हलपमेंटवर एका लोकल पेपरात चार परिच्छेदांची बातमी आली होती, त्यात आमचंही नाव आलं म्हणून कुणीतरी कौतुकाने टाचलं. काल दुपारी लिफ्टची वाट बघताना पाहिलं तर त्यावर पेनाच्या खुणा. ‘काही रहिवाशांचा विरोध’ याच्याखाली लाल रेघ आणि बाजूला ‘पेड न्यूज!’, आणि दोनच ओळी खाली ‘बहुसंख्यांची संमती’ याच्याखाली निळी रेघ, तिथेही ‘बिल्डरने छापून आणलं’. म्हणजे एकच पेपर, दोन्ही पार्ट्यांना विकला गेलेला, आणि तोही एकमेकींच्या विरुद्ध. रेट काय लावला असेल बिचाऱ्याने.

लहानपणी चाळीच्या मागच्या गल्लीत टेनिस बॉलने मॅच व्हायची, आमची चाळ विरुद्ध पलीकडची. अंपायर बॅटिंगवाल्यांचा, म्हणजे भांडण ठरलेलंच. पण मला खरी गंमत वाटायची ती गॅलरीतल्या बायकांची. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळायचं नाही, तरी पोरगं आपल्या चाळीचं असलं की ‘बॉल लागलाच नाही त्याला, मी बघितलं ना!’ आणि खोटं बोलत नव्हत्या हो त्या, त्यांना खरंच तसंच दिसायचं.

हे दिसणं वेगळं असतं की नुसतं मत वेगळं असतं, हे अमेरिकेत स्टॅनफर्डला व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघांनी तपासून पाहिलं, 1985 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. विषय फार भयंकर निवडला होता, सप्टेंबर 1982 मधलं बैरुतच्या साब्रा आणि शातिलातलं हत्याकांड. लेबनॉनच्या ख्रिश्चन मिलिशियाने माणसं मारली, तो भाग इस्रायली सैन्याच्या ताब्यात होता, मग इस्रायलची जबाबदारी किती, यावर वाद पेटलेला. अमेरिकन टीव्हीवरच्या त्या वेळच्या बातम्यांचे तुकडे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले, सगळ्यांना तेच. इस्रायलच्या बाजूचे म्हणाले बातम्या इस्रायलविरोधी आहेत, अरबांच्या बाजूचे म्हणाले इस्रायलची तळी उचललीये. इथपर्यंत आपल्याला नवल नाही. पण इस्रायलचा उल्लेख चांगल्या अर्थाने किती वेळा आला असं विचारल्यावर अरबांच्या बाजूच्यांना 42 टक्के उल्लेख चांगले वाटले आणि इस्रायलच्या बाजूच्यांना जेमतेम 16 टक्के. टेप तीच. गॅलरीतल्या बायका झाल्या की नाही!

आणि अजून एक, ज्यांना त्या प्रकरणाची माहिती जास्त त्यांना पक्षपातही जास्त दिसला. हे वाचून मला आमचे सेक्रेटरी आठवले, त्यांच्याकडे 2009 पासूनच्या मीटिंगचे सगळे मिनिट्स आहेत, त्यामुळे पेपरवाल्याने काय काय गाळलं हे त्यांच्याइतकं कुणालाच दिसत नाही.

मुळात ‘आपले’ तयार व्हायला लागतं तरी किती? हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांना सांगितलं, तुम्हाला क्ले हा चित्रकार आवडतो, तुम्हाला कँडिन्स्की, म्हणून तुमचे दोन गट. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. तरी पैसे वाटायला दिल्यावर मुलांचा कल असा की आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत. सोशल आयडेंटिटीची थिअरी यातूनच वाढली, की गटाची इज्जत ती आपली इज्जत. मग निम्मी जागा समोरच्याला देणारी बातमी म्हणजे आपल्याच खिशातून काढून दिल्यासारखी लागते.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रयोग पुढचा, गुंथर आणि श्मिट यांचा, 2004 चा. जीएम म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांच्या अन्नाच्या बाजूची आणि विरोधातली माणसं घेतली, मजकूर सगळ्यांना एकच, फक्त काहींना सांगितलं ही पेपरातली बातमी आहे आणि काहींना सांगितलं हा एका विद्यार्थ्याचा निबंध आहे. बातमी म्हणून वाचली तर दोघांनाही ती आपल्या विरोधातली वाटली, निबंध म्हणून वाचला तर तो राग गेलाच. कारण निबंध वाचणार कोण, सर! पेपर मात्र हजारो जण वाचणार. म्हणजे भीती स्वतःची नसतेच, मी काय फसणारा माणूस नाही, पण बी विंगचे लोक भोळे आहेत ना, ते वाचून सही करून टाकतील.

आता यावरून पेपरवाला धुतल्या तांदळासारखा ठरत नाही हं. दोन्ही बाजू ओरडतायत म्हणजे बातमी मधली, असं काही संपादक छाती फुगवून सांगतात, पण दोघं तर एका बाजूला थोड्या कललेल्या बातमीवरही ओरडू शकतील, कमीजास्त एवढंच. खरं बघायचं तर दोन्ही बाजूंना नसलेला माणूस आणून वाचायला द्यावा लागेल, आणि आमच्या सोसायटीत तसा एकच आहे, सी विंगचा भाडेकरू. त्याला विचारलं तर म्हणाला, काका, मी अजून वाचलीच नाही.