चारबागेत मकबरा कुठे बसतो?

तुम्ही विचारलंत म्हणून: “चारबाग म्हणजे चार भाग, मग हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागेत एवढे चौकोन कुठून आले? आणि मकबरा बागेच्या मधोमध असतो, तर ताजमहाल टोकाला कसा?”

चार ही फक्त पहिली विभागणी. दिल्लीतला हुमायूनचा मकबरा १५६५च्या सुमारास सुरू होऊन १५७२मध्ये पूर्ण झाला. त्याची बाग कागदावर काढून पाहा. ३६ एकक बाजूचा चौरस घ्या, मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. हे मुख्य अक्ष, आणि त्यांनी पडलेले १८ एककांचे चार चौरस म्हणजे चारबाग. आता प्रत्येक चौरसाचे दोन्ही बाजूंनी तीन-तीन भाग करा. एका चौरसात नऊ वाफे, एकूण ३६. मकबरा मुख्य अक्षांच्या छेदावर बसवला की तो चारही भागांतला आतल्या कोपऱ्याचा एकेक वाफा घेतो. उरतात ३२. रेघा जिथे आहेत तिथे पायवाटा येतात, आणि पायवाटेच्या मध्यातून पाण्याचा पाट.

हे केंद्र मुळात कबरीसाठी नव्हतं. राहत्या माणसाच्या बागेत तिथे हौद, चौथरा किंवा मंडप असायचा. मालक तिथे बसला की बाग चारही दिशांना सारखी पसरलेली दिसे. मकबऱ्याच्या बागेत हीच जागा कबरीला मिळाली. त्याचे परिणाम इमारतीवर झाले. मधोमध उभी असलेली वास्तू चारही वाटांवरून दिसते, म्हणून तिला मागची बाजू ठेवता येत नाही. हुमायूनच्या मकबऱ्याचे चारही दर्शनी भाग सारखे आहेत ते याचमुळे. शिवाय एवढी मोठी इमारत छेदावर आली की पाट अडतो. इथे तो चौथऱ्याशी संपतो आणि पलीकडच्या बाजूला पुन्हा सुरू होतो, जणू पाणी कबरीखालून गेलं. कुराणातल्या ‘ज्यांच्या खालून नद्या वाहतात’ अशा स्वर्गातल्या बागांचा हा संकेत मानतात.

अक्ष भिंतीपर्यंत गेला की त्याला शेवट लागतो. इथे दक्षिणेला आणि पश्चिमेला दरवाजे आहेत, पूर्व भिंतीच्या मध्यावर बारादरी, म्हणजे चारही बाजूंनी खुला मंडप, आणि उत्तर भिंतीच्या मध्यावर हमाम, म्हणजे स्नानगृह. यमुना पूर्वी पूर्वेच्या भिंतीलगत वाहायची, म्हणून बारादरी त्या बाजूला. आज बहुतेक लोक पश्चिमेच्या दरवाजाने येतात, पण मुख्य दरवाजा दक्षिणेचा. भारतात किब्ला, म्हणजे नमाजासाठी मक्केकडे तोंड करण्याची दिशा, पश्चिमेकडे येते, त्यामुळे दफन करताना डोकं उत्तरेला ठेवून चेहरा पश्चिमेकडे वळवतात. देह उत्तर-दक्षिण अक्षाच्या दिशेत येतो आणि दक्षिणेकडून येणारा माणूस पायांच्या बाजूने पोचतो. म्हणजे बागेची दिशा आणि कबरीची दिशा एकाच रेघेवर जुळतात.

खरं कसब मात्र पाण्यात आहे. नकाशा कोणीही काढेल, पण सपाट जमिनीवर पाणी चारही टोकांना पोचवणं अवघड. पायवाटा वाफ्यांपेक्षा उंच ठेवल्या की पाटातलं पाणी सोडून वाफा भिजवता येतो. शेतात दारं धरतात तसंच, फक्त पाट दगडी. पाणी विहिरीतून किंवा नदीतून मोटेने वा रहाटाने उंचावर चढवायचं आणि तिथून उताराने सोडायचं. काश्मीरसारख्या चढाच्या जागी पाणी चादरीवरून, म्हणजे कोरीव तिरप्या दगडावरून, फेसाळत खाली आणता येतं. दिल्लीत तेवढा उतार मिळत नाही. १९९७ ते २००३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर यांनी ही बाग पूर्ववत केली, तेव्हा पाट पुन्हा बसवताना ४० मीटरला १ सेंटिमीटर एवढाच उतार धरला होता. दीडशे मीटर लांबीला जेमतेम पावणेचार सेंटिमीटर! एवढ्याशा उतारावर पाणी चालवायचं तर तळ आणि काठ दोन्ही सरळ रेषेत राहायला हवेत.

बिघाडही इथूनच सुरू होतो. काठाचा एखादा दगड सेंटिमीटरभर खचला तरी पाणी तिथूनच सांडायला लागतं आणि पुढचा पाट कोरडा राहतो. तळ मध्येच उचलला गेला तर अलीकडे पाणी तुंबतं आणि गाळ बसतो. पाटाशेजारी मोठ्या मुळांचं झाड लावलं की हेच होतं, मुळं दगडांखाली शिरून ते वर ढकलतात. पाणी बंद असतानाही हे ओळखता येतं: काठाच्या बाहेरच्या अंगाला एकाच जागी शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला तर दगड तिथे खचलाय, आणि तळाला वाळलेल्या चिखलाच्या भेगा एकाच टप्प्यात दिसल्या तर त्याच्या पुढचा तळ वर आलाय. अशा वेळी फक्त फट बुजवून काही साधत नाही. दगड काढून खालचा थर नीट करावा लागतो.

कारंज्यांचा प्रश्न याच्याच पुढचा. पंप नाही, सगळा दाब उंचावरच्या टाकीचा. एकाच नळावर कारंजी जोडली तर टाकीजवळचं उंच उडतं आणि लांबचं नुसतं ओघळतं. ताजमहालात प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं भांडं बसवलं आहे. नळातून आलेलं पाणी आधी ही भांडी भरतं आणि मग सगळी कारंजी एकदम, सारख्या उंचीने उडतात. मुघल बागांतल्या सगळ्या युक्त्यांत मला ही सगळ्यात सुंदर वाटते.

ताजच्या बागेतही अक्ष तसेच छेदतात, चारही भाग आहेत. पण छेदावर कबर नाही, संगमरवरी हौद आहे आणि मकबरा उत्तर टोकाला यमुनेच्या काठी. त्यामुळे दरवाजातून आत आलं की वाटेत काहीच आडवं येत नाही, अख्खी बाग ओलांडून नजर थेट मकबऱ्यावर जाते. पश्चिमेला मशीद आहे, आणि तोल राहावा म्हणून पूर्वेला तशीच दुसरी इमारत, जवाब. पलीकडच्या काठावर त्याच अक्षावर मेहताब बाग आहे. तिच्यासकट नकाशा पाहिला तर मकबरा पुन्हा मधोमध दिसतो, फक्त मधून पाटाऐवजी नदी जाते.

आपल्याकडच्या औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याला सगळे ताजची नक्कल म्हणतात. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचा हा मकबरा ज्याने बांधला तो अताउल्ला ताजचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा, तेव्हा सारखेपणा असणारच. पण बागेच्या हिशेबात तो ताजपेक्षा हुमायूनच्या मकबऱ्याला जवळचा आहे. आवार उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर, पूर्व-पश्चिम सुमारे २७५, म्हणजे जवळपास पाचास तीन. मकबरा त्याच्या मध्यावर. दक्षिणेला दरवाजा, उरलेल्या तिन्ही भिंतींच्या मध्यावर बारादऱ्या. चौरसाऐवजी आयत घेतल्यामुळे दक्षिणेची वाट पूर्व-पश्चिमेच्या वाटांपेक्षा बरीच लांब झाली. चारही बाजू सारख्या मोलाच्या राहिल्या नाहीत, समोरची बाजू वरचढ ठरली. तिथे गेलात तर दरवाजातून फोटो काढून परतू नका, एखाद्या बाजूच्या बारादरीपर्यंत चालत जा आणि तिथून मकबऱ्याकडे पाहा. अंतर अर्ध्याच्या जरा वरच असल्याने इमारत एकदम अंगावर येते. चौथऱ्यावर पश्चिमेला जी मशीद आहे ती निजामाच्या काळात, नंतर उभी राहिली. पूर्वेला तिचा जवाब बांधलेला नाही, त्यामुळे अक्षाच्या दोन बाजूंची जोडी तिथे जमत नाही.