गिरणीच्या आवाजात झोपणारी कापशी

आमची अमळनेरला पिठाची गिरणी आहे. पुढे गिरणी, मागे घर, मध्ये एक बोळ. गिरणी सुरू झाली की बोळातल्या फरशीवर उभं राहिलेल्याच्या तळव्यांना मुंग्या येतात. या फरशीने आम्हाला महिनाभर फसवलं.

मागच्या गल्लीतल्या वहिनींची मांजर पांढरी. तिला चार पिल्लं झाली, दोन काळी-पांढरी आणि दोन नखशिखांत पांढरी. पांढऱ्यांपैकी एक मादी आमच्याकडे आली, तिचे दोन्ही डोळे निळे. दुसरा बोका वहिनींकडेच राहिला. त्याचा उजवा डोळा पिवळा, डावा निळा. त्यांच्या मुलाने त्याचं नाव बल्ब ठेवलं. आमचीचं नाव सासूबाईंनी ठेवलं, कापशी. खानदेशातल्या घरात पांढऱ्या गोळ्याला दुसरं काय म्हणणार!

कापशी गिरणीतल्या बारदानावर झोपायची. पट्टा फिरतोय, जाळीवरून पीठ उडतंय, गिऱ्हाईक ओरडून बोलतंय आणि ही पोट वर करून गाढ. आम्हाला कौतुक वाटायचं, काय धीट मांजर! सासूबाई मात्र पाचव्या दिवशी म्हणाल्या, ‘‘पोरी, तिले ऐकू येस नही.’’ मी त्यांना चूक ठरवायला निघाले. कापशीच्या मागे उभं राहून स्टीलचा डबा फरशीवर आपटला. ती दचकून वळली. टाळी वाजवली, वळली. मी म्हटलं, ‘‘बघा आई, येतं की ऐकू.’’

माझ्या दोन्ही परीक्षा बाद होत्या, हे पुढे जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दाखवलं. डबा आपटला की फरशी हादरते, आणि ते मांजराला पंजातून कळतं. टाळी जवळून वाजवली की हवेचा झोत मिशांना लागतो. शिवाय मी भिंतीजवळ उभी असल्यामुळे माझी सावली तिच्या पुढ्यात हलत होती. डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने कान बघितले, मळ किंवा गोचिडासारखं काही नाही ना म्हणून. दोन्ही कान स्वच्छ होते. मग त्यांनी घरी करायची पद्धत सांगितली, ती मी तशीच देते.

गिरणी बंद असलेली वेळ निवडली. कापशीला जाड गोधडीवर बसवलं, म्हणजे जमिनीची थरथर तिच्यापर्यंत पोचू नये. ती जागी पण शांत हवी, आणि तोंड दुसरीकडे हवं. समोर माझा मुलगा बसला, त्याचं काम फक्त तिच्या कानांकडे बघायचं. ऐकणाऱ्या मांजराचा कान मान वळायच्या आधी फिरतो, आणि बोलावलं तर न येणारं मांजरसुद्धा कान लपवू शकत नाही. मी दाराआड उभी राहून किल्ल्यांचा जुडगा हलवला, प्लास्टिकची पिशवी चुरगाळली, शिट्टी मारली. दहा वेळा आवाज केला आणि मध्ये मध्ये दहा वेळा नुसताच हात हलवला, आवाज न करता. खरी गंमत या मुक्या फेऱ्यांत आहे. त्या नसत्या तर योगायोगाने वळलेली मान आपण ‘ऐकलं’ म्हणून मोजली असती. कापशी आवाजाच्या फेऱ्यांत एकदा वळली आणि मुक्या फेऱ्यांतही एकदा. कान एकदाही फिरला नाही.

मग बल्बला त्याच गोधडीवर बसवलं. त्याचा कान प्रत्येक वेळी फिरला, पण तो भलतीकडे बघायचा. मी डावीकडून शिट्टी मारली तरी मान उजवीकडे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक एका कानाने ऐकतो, आणि पिवळ्या डोळ्याची बाजू चालू असण्याची शक्यता जास्त. आवाज कुठून आला हे ठरवायला दोन कान लागतात. पण एका कानाचं बहिरेपण घरी पक्कं ठरवता येत नाही. त्यासाठी डोक्याच्या कातडीत बारीक सुया लावून, कानात टिकटिक सोडून, मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते यंत्रावर बघतात. आमच्या गावात ते यंत्र नाही, आणि निकाल काहीही आला तरी बल्बच्या जेवणाखाण्यात फरक पडणार नव्हता. म्हणून नाद सोडला.

‘‘निळ्या डोळ्यांमुळे बहिरी झाली का?’’ असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, डोळ्यांमुळे नाही, डोळे आणि कान दोघांचं कारण एकच. मांजरात किट नावाचं एक जनुक असतं. रंगपेशींची वाढ आणि प्रवास त्याच्या हुकमावर चालतो. मांजरांच्या कुठल्याशा पूर्वजात एका विषाणूने आपला तुकडा या जनुकात घुसवला आणि तो वंशात राहून गेला. डीएनएच्या जवळजवळ ७,००० अक्षरांचा तो अख्खा तुकडा असला तर मांजरावर पांढरे ठिपके-पट्टे येतात. तुकड्याचं फक्त शेपूट, ६०० च्या आसपास अक्षरांचं, उरलं असेल तर मांजर पूर्ण पांढरं होतं. आई-बापांपैकी एकाकडून हे शेपूट मिळालं तरी पुरतं. म्हणून पांढऱ्या आईला काळ्या-पांढऱ्या बोक्यापासून निम्मी पिल्लं पांढरी होणं अगदी हिशेबात बसतं.

आता रंगपेशी. पोटातल्या पिल्लात त्या पाठीच्या कण्याच्या रेषेवर तयार होतात आणि तिथून अंगभर चालत जातात, कातडीत, डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या पडद्यात आणि आतल्या कानातसुद्धा. हे शेपूट असलं की वाटेतच बहुतेक पेशी गळतात. कातडीत पोचल्या नाहीत तर केस पांढरे. डोळ्यात पोचल्या नाहीत तर डोळा निळा. कानात त्यांचं काम रंगाचं नसतंच. तिथे त्या आतल्या नळीतल्या पाण्यात पोटॅशियम भरून ठेवायला मदत करतात, म्हणजे बॅटरी चार्ज ठेवल्यासारखं. ती बॅटरी नसली की ऐकण्याच्या केसपेशी चालत नाहीत आणि हळूहळू मरून जातात. पिल्लू जन्मतं तेव्हा कान बंदच असतात, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, आणि नेमक्या त्याच पहिल्या काही आठवड्यांत आतली नळी ढासळते. कापशी आमच्याकडे आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. म्हणूनच यावर औषध नाही. शेजारच्या एका आजोबांनी लसूण घालून कोमट केलेलं तेल सुचवलं होतं. बरं झालं घातलं नाही, कानाच्या पडद्यापलीकडे त्याचं काय काम?

किती पेशी कुठे पोचतील हे दर पिल्लाला वेगळं, अगदी डाव्या-उजव्या बाजूलाही वेगळं. म्हणून आकडे ठाम नाहीत. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत साधारण ६५ ते ८५ टक्के बहिरी निघतात, एकच निळा असेल तर ४० च्या आसपास, एकही नसेल तर २० च्या. १८५९ मध्ये चार्ल्स डार्विनने निळ्या डोळ्यांची मांजरं हमखास बहिरी असतात असं लिहिलं होतं, नंतरच्या एका आवृत्तीत ‘हमखास’चं ‘बहुधा’ झालं. सयामी मांजराचेही डोळे निळे, पण ते निराळ्या जनुकामुळे. त्याच्या रंगपेशी जागेवर असतात, फक्त रंग कमी बनवतात, त्यामुळे कान शाबूत.

बहिरी आहे हे कळलं तरी आमच्या वागण्यात उतरायला एक अपघात टळावा लागला. एप्रिलमधली दुपार, गव्हाची पोती उतरवून टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा, आणि कापशी चाकाच्या सावलीत झोपलेली. इंजिन सुरू झालं तरी ती जागची हलली नाही. एरवी कुठलंही मांजर केव्हाच पळालं असतं. ड्रायव्हर पट्टा बांधायला खाली वाकला म्हणून त्याला शेपटी दिसली. त्या संध्याकाळीच बोळाच्या तोंडाला हिरवी शेडनेट ठोकली. गिरणीतही तिला बंदी झाली, कारण फिरत्या पट्ट्याचा आवाज तिला सावध करणार नव्हता. गळ्यात घुंगरू बांधलं, तिला त्याचा उपयोग शून्य, पण ती धान्याच्या कोठीमागे गेली तर आम्हाला कळतं.

बोलावण्यासाठी तीच फरशी कामाला आली. जेवण ठेवायच्या आधी टाचेने दोनदा ठोकायचं, ती वळली की तळहात खाली करून बोटं जवळ ओढायची, आली की लगेच दुधातली पोळी. रोज दोन वेळा. पंधरा-सोळा दिवसांत दोन ठोक्यांना ती धावत यायला लागली. गिरणी चालू असताना मात्र ठोके हरवतात, तेव्हा आम्ही ट्यूबलाइट बंद-चालू करतो. विजेचा खेळ झाला की तीही फसते आणि स्वयंपाकघरात येऊन रिकाम्या ताटलीपुढे बसते.

झोपेतून उठवणं शिकायला मुलाच्या मनगटावर तीन ओरखडे लागले. त्याने मागून पाठीवर हात ठेवला होता. तिच्या बाजूने बघा, जगात कुणी नव्हतं आणि एकाएकी कुणीतरी धरलं. आता आम्ही आधी गोधडीची कड दाबतो, मग नाकापुढे बोट धरतो. वास गेला की ती स्वतः डोळे उघडते.

रात्री दोनला ती बोळात उभी राहून असा टाहो फोडायची की समोरच्यांचे दिवे लागायचे. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो केवढा निघतोय याचा तिला अंदाज नाही. अंधारात माणसं दिसेनाशी झाली की सुरू व्हायची. पिवळा झिरोचा बल्ब रात्रभर लावून ठेवला, आणि तिचं अंथरूण सासूबाईंच्या खाटेखाली सरकवलं. टाहो बराचसा कमी झाला, पूर्ण गेला नाही.

एक गोष्ट कानाच्या आतली नाही, बाहेरची आहे, पण तिचं मूळ तेच. कापशीच्या कानांच्या टोकांना आणि नाकाला रंगाचं संरक्षण नाही, आणि आमचं ऊन कसं असतं ते जळगाव-धुळ्याकडच्यांना सांगायला नको. डॉक्टरांनी बजावलं, कानाची कड लाल झाली, पापुद्रे धरले आणि खपली पडून पुन्हा पुन्हा येत राहिली तर वाट बघू नका, तो कातडीचा कर्करोग असू शकतो. माणसांचं सनस्क्रीन चोळायचं नाही, ती चाटते आणि त्यातली काही द्रव्यं मांजराला विषारी असतात. उन्हाळ्यात दहा ते चार ती घरात. दर रविवारी मी तिचा कान उजेडासमोर धरते, शिरा दिसतात इतका पातळ आहे तो, आणि कडेवरून बोट फिरवते. खरखरीत लागलं तर फोन करायचा.

सहाव्या महिन्याच्या आत तिचं ऑपरेशन करून घेतलं. बहिऱ्या आईला पिल्लाचं ओरडणं ऐकू येत नाही, आणि निम्मी पिल्लं पुन्हा तिच्यासारखी पांढरी होण्याची शक्यता.

वहिनींच्या मांजरीचं ऑपरेशन व्हायचं राहिलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा धावत आला, ‘‘काकू, किल्ल्या घेऊन चला, तीन पांढरी झालीत आणि तिघांचे डोळे निळे!’’ जाऊन बघितलं, पिल्लं तीन आठवड्यांची. एकाच्या डोक्यावर बोटाएवढा राखाडी डाग होता. तो मोठेपणी जातो, पण असला की निदान एक कान चालू असण्याची आशा जास्त. डोळ्यांचं म्हणाल तर या वयात काळ्या पिल्लाचेही निळेच असतात. मी म्हटलं, अजून महिनाभर थांब, किल्ल्या तेव्हा आणते.