१५० एमबीपीएसचं ब्रॉडबँड असताना २० एमबीपीएसची लीज्ड लाइन का घेतली - माझा अनुभव

आमचं ऑफिस बेळगावात खानापूर रोडच्या आतल्या गल्लीत, घराच्याच खालच्या मजल्यावर. नऊजण बसतो. उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांची पॅटर्नची ड्रॉइंगं आणि थ्रीडी मॉडेलं करतो, शिवाय पुण्याच्या एका पार्टीचं थ्रीडी स्कॅनचं काम येतं. स्कॅनची एकेक फाइल दीड जीबीची असते आणि ती संध्याकाळी साडेसातच्या आत त्यांच्या सर्व्हरवर चढवायची, शिवाय तिघंजण दिवसभर रिमोट डेस्कटॉपनं त्यांच्या मशीनवर काम करतात.

नेट म्हणजे घरचंच ब्रॉडबँड, वडिलांच्या नावावरचं, १५० एमबीपीएस. दिवसा झकास चालायचं. पण सहा वाजले की फाइल चढता चढायची नाही, आणि रिमोट डेस्कटॉपवर माउस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलायचा. एप्रिल-मेमध्ये आरसीबीची मॅच असली की विचारूच नका. कंप्लेंट केली की लाइनमन अण्णा यायचे, सकाळी अकराला, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावून दाखवायचे आणि म्हणायचे, "बराबर ऐती री सर". सकाळी अकराला बराबर असायचंच हो, अडचण संध्याकाळची होती!

मग मी पंधरा दिवस वहीच घातली. वायफाय बंद, लॅपटॉप केबलनं थेट राउटरला, आणि दुपारी १२, संध्याकाळी ७, रात्री ९ अशा तीन वेळा या तीन गोष्टी बघायच्या आणि लिहून ठेवायच्या:

```
ping -n 200 192.168.1.1
tracert -d 8.8.8.8
ping -n 200 8.8.8.8
```

पहिली ओळ आपल्याच राउटरपर्यंत पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दाखवते, तिथं १ मिलिसेकंदच्या वर गेलं तर घोळ आपल्या घरातला. माझ्याकडं तिथं सगळं ठीक होतं. शेवटची ओळ, गूगलच्या सर्व्हरपर्यंतची, मात्र दुपारी २५-३० च्या आसपास आणि संध्याकाळी ९० ते १४०, वर शंभरातली चारपाच पॅकेट गायब. मधल्या ओळीच्या ट्रेसमध्ये वाटेतला एकेक टप्पा दिसतो, त्यात तिसऱ्या टप्प्यापासून पुढं सगळीकडंच वेळ वाढलेला दिसायचा. इथं एक फसगत होते म्हणून सांगतो, मधल्याच एखाद्या टप्प्यावर आकडा मोठा दिसला आणि पुढच्या टप्प्यांवर परत कमी झाला तर त्याला अर्थ नाही, तो राउटर पिंगला उत्तर द्यायला आळस करतोय एवढंच. वाढलेला वेळ शेवटपर्यंत टिकला तरच तुंबलंय समजायचं. अपलोड दुपारी शंभराच्या वर, संध्याकाळी ५-६ एमबीपीएस. दीड जीबी म्हणजे साधारण १२,००० मेगाबिट, ६ नं भागलं की २००० सेकंद, म्हणजे एका फाइलला तेहतीस मिनिटं, तेही दुसऱ्या कुणी काही न करता.

आता हे होतं कशानं, तर कंटेन्शन रेशो. मला आधी वाटायचं १:५० म्हणजे आपल्याला पन्नासावा हिस्सा मिळतो. तसं नाही. ते आपल्या बसच्या पासासारखं आहे. पास काढला म्हणजे बसमध्ये चढायचा हक्क मिळाला, बसायला जागा मिळेलच असं नाही. कंपनी पन्नास जणांना तेवढ्याच बँडविड्थवर प्लॅन विकते कारण पन्नासही जण एकाच वेळी नेट ओढत नाहीत, आणि दुपारी ते खरंच असतं. संध्याकाळी सगळ्यांनीच मॅच लावली की १५० चे पन्नासांत वाटून ३ उरतात. प्लॅनवर 'अप टू' लिहिलेलं असतं ते याचसाठी, आणि ती काही फसवणूक नाही, त्याच हिशोबानं तर ते हजार रुपयांत मिळतं.

पण कोंडी नेमकी कुठं होते हेही बघण्यासारखं आहे. फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन असतं, त्यात एका फायबरवर स्प्लिटर लावून बत्तीस घरं जोडतात, कधी चौसष्ट. त्या फायबरवर खाली यायला अडीच जीबीपीएस आणि वर जायला सव्वा जीबीपीएस. म्हणजे बत्तीसही घरांनी एकदम अपलोड लावलं तरी प्रत्येकाला ३९ च्या आसपास यायला पाहिजे, चौसष्ट असतील तर १९ तरी. मला येत होते ५-६. तेव्हा आमच्या गल्लीतल्या फायबरमध्ये जागा होती, तुंबत होतं त्याच्या पुढं, ऑपरेटरनं वरून जी मोठी लाइन घेतलीय तिथं. हे कळल्यावर ३०० चा प्लॅन घ्यायचा विचार सोडला. मोठा पास काढून गर्दीच्या बसमध्ये काय फरक पडणार.

लीज्ड लाइन म्हणजे १:१, सीट रिझर्व्ह. जेवढी घेतली तेवढी चढायलाही आणि उतरायलाही, चोवीस तास. किती घ्यायची याचा हिशोब असा केला: तिघांचं रिमोट डेस्कटॉप मिळून ६ एमबीपीएस धरलं, उरलेल्या १४ मध्ये दीड जीबी साधारण चौदा-पंधरा मिनिटांत जाते, ते आम्हाला चालतं. १० घेतली असती तर ४ च उरले असते. म्हणून २०.

तीन कोटेशन आली. सगळ्यात स्वस्तवाला ५० एमबीपीएस देतो म्हणाला, पहिल्या दोघांच्या निम्म्या पैशात. मी विचारलं, "साहेब, कंटेन्शन किती?" तर म्हणतो, "सर, डेडिकेटेडच आहे, काळजी करू नका." लेखी द्या म्हटल्यावर कागदावर '१:४' आलं, आणि अपलोडचा आकडा वेगळा. म्हणजे स्टॅटिक आयपी लावलेलं बिझनेस ब्रॉडबँड. ते वाईट नाही, कित्येकांना तेच पुरेल, पण त्याला लीज्ड लाइन म्हणू नका. ओळखायची खूण सोपी आहे, कागदावर १:१, दोन्ही बाजूंचा स्पीड सारखा, 'अप टू' शब्द नाही, आणि एसएलए म्हणजे सेवेच्या करारात बंद पडल्यास किती तासांत दुरुस्त आणि नाही झालं तर किती पैसे परत हे स्पष्ट.

शेवटी घेतली ती वर्षाला १,३२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५५,७६० आणि बसवायचे वेगळे. आबांना आकडा सांगितला तर त्यांनी चहाचा कप खालीच ठेवला. जीएसटीचं मात्र एक आहे, ब्रॉडबँडचं बिल आबांच्या नावावर असल्यानं त्याचं क्रेडिट कधी मिळालंच नव्हतं. नवं बिल फर्मच्या नावावर, जीएसटी नंबरसकट, त्यामुळं ते १८ टक्के क्रेडिटमध्ये वळते होतात.

सर्व्हे, फीजिबिलिटी, पीओ, केवायसी, मग फायबर ओढणं, यात सहा आठवडे गेले, त्यातला एक आठवडा पावसानं. जोडणीच्या दिवशी इंजिनिअरनं ॲक्सेप्टन्सचा फॉर्म पुढं केला, सही करा म्हणाला. मी म्हटलं थांबा जरा, लॅपटॉप थेट तुमच्या डब्याला लावू आणि दोन्ही बाजूंनी मोजू. त्यांच्याच सर्व्हरवर iperf3 चालवलं (पत्ता त्यांनीच दिला, 'सर्व्हर' च्या जागी तो):

```
iperf3 -c सर्व्हर -t 60
iperf3 -c सर्व्हर -t 60 -R
```

पहिलं अपलोड, -R लावलेलं डाउनलोड. डाउनलोड १९ च्या थोडं वर, अपलोड ९.६! त्यांच्याकडं पोर्टवर एका बाजूची मर्यादा चुकून १० ची लागली होती. फोन करून दहा मिनिटांत सुधारली. सही करून बसलो असतो तर महिनाभर मीच पुण्याच्या सर्व्हरला शिव्या घातल्या असत्या. आणि २० च्या लाइनवर १९ दिसणं ठीक आहे, बाकीचं पॅकेटच्या पत्त्यांमध्ये जातं, त्यावरून भांडू नका. ही गॅरंटीही त्यांच्या गेटवेपर्यंतचीच असते, पुण्याचा सर्व्हर हळू असेल तर त्याला हे काय करणार.

एवढं करून पहिल्याच दिवशी पोरं ओरडायला लागली, "दादा, जुनं नेटच बरं होतं". खरं होतं ते! एकानं फाइल चढवायला लावली की २० च्या २० तीच खाऊन टाकायची आणि तिघांचे बाण परत अडकायचे. दुसऱ्याच्या पीसीवर विंडोजचं अपडेट सुरू होतं ते वेगळंच. १५० मध्ये हे दिवसा जाणवत नव्हतं. रिझर्व्ह सीट आहे पण एकच आहे, तिच्यावर पोतं कोण ठेवतंय ते आपणच बघायचं. मग दोन लाइनी लागणारा राउटर घेतला आणि ब्रॉडबँड चालूच ठेवलं. पुण्याच्या सर्व्हरचा ट्रॅफिक तेवढा लीज्ड लाइनवरून, बाकी ब्राउझर, अपडेट, यूट्यूब सगळं ब्रॉडबँडवरून. लीज्डचा अपलोड राउटरमध्येच १८.५ ला बांधला, म्हणजे रांग आपल्या डब्यात लागते, आणि त्या रांगेत रिमोट डेस्कटॉपला पुढं घेतलं. ज्या दिवशी हे केलं त्या संध्याकाळी सातला पिंग ३० च्या आत, फाइल सोळा मिनिटांत.

जुलैत मात्र दोन्ही लाइनी एकदम गेल्या. तिसऱ्या गेटकडं जेसीबीनं खांब हलवला आणि दोन्ही कंपन्यांचं फायबर त्याच खांबावरून. दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा असं मी गृहीत धरलं होतं, सर्व्हेच्या वेळी केबल कुठून येते ते विचारायचं सुचलंच नव्हतं. साडेपाच तास बंद. एसएलए ९९.५ टक्के होता, म्हणजे तीस दिवसांत ३.६ तास बंद चालतं, त्यावरचे दोनेक तास बिलातून कमी झाले, रक्कम एवढी की नऊजणांचा चहाही निघाला नसता. घड्याळ सुरू होतं ते आपण तक्रारीचं तिकीट नोंदवल्यापासून, म्हणून लाइन गेली की आधी तिकीट, मग शिव्या. आणि आपल्याकडची लाइट गेली तर ते त्यात धरत नाहीत, तेव्हा त्यांचा डबा आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. त्या दिवसापासून राउटरला एक सिम पण लावून ठेवलंय, फाइल नाही चढत त्यावर पण रिमोट डेस्कटॉप चालतो.

परवा शेजारचे पाटीलमामा विचारायला आले, आपण पण घ्यावी काय म्हणून. त्यांच्याकडं टॅली, जीएसटीचं रिटर्न आणि व्हॉट्सॲपवर येणारी ड्रॉइंगं, बास. मी म्हटलं, "मामा, आधी पंधरा दिवस वही घाला, संध्याकाळी तुमचं काय अडतंय तेवढं लिहा". आठवड्यानं परत आले, वहीत एकच ओळ, "सहाला आम्ही शटर ओढतो".