चाक बघू नका, पंप शोधा

*‘काका, फोटो पाठवलाय. हा कंदील आहे, पेट्रोमॅक्स आहे की साधा वातीचा दिवा? फोटोवरून कसं ओळखता तुम्ही?’*

भांडी बाजारात पितळेच्या दुकानात बसतो, त्यामुळे जुन्या नाशकातला एखादा वाडा पाडायला काढला की माझ्या फोनवर माळ्यावरचे फोटो यायला लागतात. समया आणि तपेली लोकांना ओळखता येतात, घोटाळा होतो तो रॉकेलच्या दिव्यांचा. त्यात आपली भाषा भर घालते. आपण कुठल्याही पंपाच्या बत्तीला पेट्रोमॅक्स म्हणतो. हे नाव खरं तर बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या कंपनीचं, पण वनस्पती तुपाचा जसा डालडा झाला तसा हिचा पेट्रोमॅक्स झाला. आणि चिमणी म्हणजे काचेची नळीसुद्धा, आणि जिला काचच नसते ती टिनाची धूर ओकणारी दिवटीसुद्धा. म्हणून मी फोटो पाठवणाऱ्याने सांगितलेलं नाव आधी बाजूला ठेवतो.

बहुतेकजण चाक दाखवतात. ‘हे बघा, फिरवायचं चाक आहे, म्हणजे पेट्रोमॅक्स.’ चाक तिघांनाही असतं हो. कंदिलाचं आणि वातीच्या दिव्याचं चाक वात वर-खाली करतं, बत्तीचं चाक आतली सुई हलवतं आणि रॉकेल सोडतं. फोटोत तिन्ही चाकं सारखीच दिसतात. मी बघतो ते वेगळंच: ज्योतीला हवा कुठून मिळते आणि रॉकेल वर कसं चढतं.

कंदिलाच्या दोन्ही अंगांनी बोटाएवढ्या जाड नळ्या असतात. वरच्या टोपापासून निघतात, काचेच्या बाजूने बाकदार उतरतात आणि टाकीच्या वर, वातीखालच्या पोकळीत येऊन मिळतात. या नळ्या केवळ सांगाडा नाहीत, आतून पोकळ आहेत आणि ज्योतीची हवा त्यातूनच खाली येते. वाऱ्याचा झोत आला तर तो हवा आत जाण्याच्या वाटेवर आणि धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर जवळजवळ सारखाच दाब देतो, कारण दोन्ही वाटा वरच, शेजारी शेजारी आहेत. म्हणून ज्योत फडफडते पण विझत नाही, आणि म्हणून हा दिवा हातात धरून रात्री शेतात पाणी द्यायला जाता येतं. अमेरिकेत १८६०च्या दशकात अशा नळ्यांच्या कंदिलाचं पेटंट निघालं, पुढे टोपाशी ताजी हवा घेणारी सुधारणा झाली, पण बाहेरून रूप तेच राहिलं. काच पोटाला फुगीर, तिच्याभोवती तारांचं रक्षण, काच उचलायला बाजूला छोटी दांडी आणि वर कडी. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला ओगल्यांच्या काच कारखान्याचे ‘प्रभात’ कंदील या धाटणीचे, आणि नाशकात अजून माळ्यावरून निघतात.

बत्तीला वात नसते. ही आपल्या पंपाच्या स्टोव्हची सख्खी बहीण. टाकीत पंप मारून हवा भरायची, त्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, बारीक छिद्रातून ती वाफ सुटते आणि मेंटलमध्ये जळते. मेंटल म्हणजे खाली लोंबणारी सुती किंवा रेशमी पिशवी. पहिल्यांदा पेटवल्यावर तिचं कापड जळून जातं आणि उरतं ते थोरियमच्या राखेचं जाळं, तेच तापून पांढरंशुभ्र झळकतं. फोटोत त्यामुळे तीन गोष्टी शोधायच्या. टाकीतून तिरका किंवा आडवा बाहेर आलेला पंपाचा दांडा, त्याला छोटी मूठ. तेल भरायच्या झाकणावर घड्याळासारखा गोल चेहरा, म्हणजे दाब दाखवणारा काटा. आणि काचेच्या वर रुंद, टोपीसारखं झाकण. टाकी बहुधा निकेलच्या मुलाम्याने चकचकीत असते. काच सरळ उभी, फुगीर नाही.

इथे माझीच फजिती सांगतो. आठ-दहा वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एकाने फोटो पाठवला, काचेच्या दोन्ही बाजूंना उभ्या दोन रेषा. मी झटकन लिहिलं, कंदील आहे, वात मिळेल. तो बिचारा दुकानात येऊन दोन वाती आणि एक फुगीर काच घेऊन गेला. संध्याकाळी परत आला, दिवा पिशवीत घेऊनच. पिशवीतून निघाली बत्ती. त्या दोन रेषा म्हणजे काचेला आधार देणाऱ्या सांगाड्याच्या बारीक सळ्या होत्या. कंदिलाची नळी बोटाएवढी जाड असते, वरच्या टोपात आणि खाली टाकीवरच्या पोकळीत मुरून जाते, मध्ये सांधा तुटत नाही. सळी पेन्सिलीपेक्षाही बारीक, आणि टाकीच्या वरच्या कड्यावर येऊन थांबते. माझ्या घाईने त्याचे दोन तास गेले, शिवाय वातीचे पैसे परत द्यावे लागले.

नुसतं नाव चुकलं तर काय बिघडतं, असं वाटेल. पण त्या गृहस्थाने घरी वात बसवायचा नाद केला असता आणि टाकीत दाब असताना झाकण सैल केलं असतं, तर रॉकेल अंगावर उडालं असतं. पंपाचा दिवा ओळखल्याशिवाय पेटवू नये. कंदिलाला काडी लावता येते. बत्तीला आधी स्पिरिटने नळी तापवावी लागते, तसं न करता पंप मारला तर वाफेऐवजी द्रव रॉकेल वर येतं आणि हातभर ज्वाळ उठते.

वातीचा साधा दिवा मी थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यात सोपा. टाकी, तिच्यावर भोकं पाडलेला पितळी बर्नर, त्याच्या पाकळ्यांत रोवलेली उंच काच, वरून उघडी. हवा खालून, त्या भोकांतून येते, आणि काच जितकी उंच तितकी ओढ जास्त. नळ्या नाहीत, पंप नाही, डोक्यावर टोपी नाही. वारा लागला की विझतो, म्हणून हा टेबलावरचा किंवा भिंतीच्या कोनाड्यातला. कडी धरून शेतात नेताना कोणी दिसलं तर तो हा दिवा नव्हे.

जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत दिवा पेटलेला असेल तर वरचं काहीच दिसत नाही, नुसता प्रकाशाचा गोळा दिसतो. तेव्हा दिव्याऐवजी माणसं बघावीत. मागच्या भिंतीवर चेहऱ्यांच्या सावल्या काळ्याकुट्ट आणि रेखीव पडल्या असतील, लांबची माणसंही उजळली असतील, तर बत्ती. दिव्याजवळचे दोन चेहरे तेवढे दिसतात आणि बाकी अंधार, तर वातीचा प्रकार. वरातीच्या फोटोत डोक्यावर दिवे घेतलेली माणसं असतात, ते दिवे बहुधा बत्त्याच, कारण तेवढा उजेड दुसरा कोण देणार? मात्र छायाचित्रकाराने फ्लॅश मारला असेल तर सावल्यांवर भरवसा ठेवू नका. फ्लॅश मारला की सगळ्यांच्या सावल्या एकाच दिशेला, पाठीमागे पडतात, दिवा कुठेही असो.

आता गेल्या पावसाळ्यातला फोटो सांगतो, ज्याने मलाही थांबवलं. गंगापूर रोडवरच्या एका मुलीने पाठवला होता, आजोबांचा ऐवज म्हणून. ‘काका, आत मेंटल दिसतंय, म्हणजे पेट्रोमॅक्सच ना?’ मेंटल होतं खरं. काचेच्या आत पांढुरकं, घुमटासारखं काहीतरी. बत्ती म्हणायचा मोह झाला. पण पंचवटीवाला आठवला, म्हणून दोनदा मोठं करून बघितलं.

टाकी गोल, पितळी, गुळगुळीत. कुठेही पंपाचा दांडा नाही. मग म्हटलं पंप मागच्या बाजूला असेल. तिला लिहिलं, दिवा सावकाश फिरवून चारही बाजूंनी टाकीच्या खांद्याचे फोटो पाठव, उजेडात, फ्लॅश न मारता. चार फोटो आले. पंप नाहीच, काट्याचं झाकणही नाही, तेल भरायचं साधं आट्याचं झाकण तेवढं. काच हातभर उंच, बारीक, वरून उघडी. डोक्यावर टोपी नाही. आणि मेंटल खाली लोंबत नव्हतं, खालून वर उभं होतं. तिथे उलगडा झाला.

हा वातीचाच दिवा, पण मेंटलवाला. अल्लादीन नावाने प्रसिद्ध झालेला हा प्रकार. यात वात चपटी नसते, गोल, नळीसारखी असते, हवा तिच्या मधल्या पोकळीतूनही वर येते, आणि ज्योत मेंटलला तापवते. दाब कुठेच नाही, सारी ओढ त्या उंच काचेची. म्हणून मेंटल दिसलं की बत्ती, हा नियम तिथे मोडतो. पंप दिसला की बत्ती, हा मात्र टिकतो.

तिला विचारलं, आजोबा हा कुठे ठेवायचे? म्हणाली, लिहायच्या टेबलावर, बाबा सांगतात. ते जुळलं. मग मी तिला काच काढून आतला फोटो मागितला, वातीचा गोल बघायला. काच निघाली, पण मेंटल इतकं ठिसूळ झालं होतं की हलक्या धक्क्याने कोसळून पितळेवर पांढरी राख होऊन सांडलं. तिने भाबडेपणाने विचारलं, ‘फुंकर मारू का?’ मी घाईने फोनच लावला. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं, ते थोडं किरणोत्सारी आहे, राख नाकात जाऊ द्यायची नाही. ओल्या फडक्याने टिपून घे, फडकं पिशवीत बांधून टाक, हात धू, म्हटलं. तिने तसं केलं आणि राखेखालचा फोटो पाठवला. गोल वात, मध्ये पोकळी, कडेला काजळीची रेघ.