चालू स्प्रिंटमधून बाजूला होताना: लीडला काय सांगितलं, बोर्डवर काय हलवलं

आमची स्प्रिंट दोन आठवड्यांची, म्हणजे कामाचे दहा दिवस. बुधवारी प्लॅनिंग आणि त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी रिव्ह्यू. खूप थकल्यामुळे या स्प्रिंटमधून बाजूला होतेय, हे मी लीडला सांगितलं तो चौथा दिवस होता, सोमवार. हा दिवस महत्त्वाचा, कारण अजून सहा दिवस हातात होते आणि काम दुसऱ्याकडे देणं शक्य होतं. हेच आठव्या दिवशी सांगितलं असतं, तर लीडकडे रिव्ह्यूमध्ये माफी मागण्यापलीकडे काही उरलं नसतं.

नेहमीचा थकवा आणि हा थकवा यांतला फरक कामातच दिसत होता. रात्री एकच्या कमिट सकाळी मीच रिव्हर्ट करत होते. एका फेल होणाऱ्या टेस्टवर तीन तास गेले आणि कारण निघालं चुकीचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. शनिवार-रविवार झोप काढूनही सोमवारी तीच गत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. तिची तीन अंगं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल अलिप्तपणा किंवा कडवटपणा, आणि कामाचा वकूब घसरणं. तरी लीडसमोर मी हा शब्द वापरला नाही. निदान करणं डॉक्टरांचं काम. लीडला कळायला हवं ते एवढंच, की कोणतं काम होणार आहे आणि कोणतं नाही.

बोलण्याआधी अर्धा तास बोर्ड उघडून बसले. टीमचे एकूण ३४ पॉइंट, त्यांतले ११ माझ्या नावावर. रिफंडच्या स्क्रीनची ३ पॉइंटची स्टोरी पुल रिक्वेस्टमध्ये, फक्त रिव्ह्यूचे शेरे मिटवायचे बाकी. रिफंडची स्थिती देणाऱ्या एपीआयची ५ पॉइंटची स्टोरी अर्धवट. रिपोर्ट डाउनलोडची ३ पॉइंटची स्टोरी सुरूच केलेली नाही. शिवाय त्या आठवड्याची प्रॉडक्शन सपोर्टची पाळी माझी. ती बोर्डवर कुठेच दिसत नाही, म्हणून सगळे विसरतात आणि रात्री फोन आपल्यालाच येतो.

स्टँडअपमध्ये हा विषय काढू नये. पंधरा मिनिटांत आठ जणांसमोर लीडला नीट उत्तर देता येत नाही आणि "आपण नंतर बोलू" यावर गाडी थांबते. मी चॅटवर एवढंच लिहिलं: "आज चारपर्यंत तुझी पंधरा मिनिटं हवीत. या स्प्रिंटमधल्या माझ्या कामाबद्दल." विषय आधी कळला की समोरचा बोर्ड उघडून बसतो. नाहीतर राजीनामाच असणार असं गृहीत धरून येतो.

पहिलं वाक्य ठरवून गेले होते: "मी खूप थकले आहे, चुका वाढल्यात. बुधवारपासून मी या स्प्रिंटमध्ये नसेन, आणि माझे अकरा पॉइंट आज कुठे न्यायचे ते ठरवू या." "बघ ना, जरा त्रास होतोय" असं मोघम बोललं की समोरून दोन दिवसांची विश्रांती मिळते, पण कार्डं आपल्याच नावावर राहतात. सुट्टी घेणं आणि स्प्रिंटमधून बाजूला होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नुसती सुट्टी घेतली तर काम तिथेच वाट पाहत बसतं आणि परतल्यावर पाच दिवसांचं काम दोन दिवसांत उरकावं लागतं.

तो म्हणाला, "अगं, मग घरून कर ना आठवडाभर." घरून काम केल्याने वाकड ते हिंजवडी फेज थ्रीची कोंडी वाचते, काम वाचत नाही. मग म्हणाला, "बरं, अर्धा दिवस?" आमचं स्टँडअप सकाळी अकराला आणि क्लायंटचा कॉल रात्री साडेनऊला. अर्ध्या दिवसाचा माणूस दोन्हीकडे लागतोच, म्हणून दिवस काही अर्धा होत नाही. मी हेच वेळेसकट सांगितलं. शेवटी, "निदान रिव्ह्यू तरी बघशील?" याला मोह होतो हो म्हणायचा. पण एक पुल रिक्वेस्ट नीट बघायची तर तो सगळा कोड पुन्हा डोक्यात आणावा लागतो, आणि नेमकं तेच त्या वेळी जमत नव्हतं. मी नाही म्हटलं. बदल्यात मंगळवारचा पूर्ण दिवस हँडओव्हरला दिला.

वाटणी वीस मिनिटांत झाली, कारण ती स्प्रिंट गोलवरून केली. आमचा गोल होता, ग्राहकाला ॲपमध्ये रिफंडची स्थिती दिसली पाहिजे. रिपोर्ट डाउनलोड त्यात बसत नव्हता, तो सरळ बॅकलॉगमध्ये परत. पुल रिक्वेस्ट जो रिव्ह्यू करत होता त्याच्याचकडे. खरा पेच पाच पॉइंटचा. स्क्रम गाइडप्रमाणे स्प्रिंट चालू असताना कामाची व्याप्ती प्रॉडक्ट ओनरशी बोलून बदलता येते, गोल धोक्यात आला नाही म्हणजे झालं. म्हणून लीडने तिलाच कॉलवर घेतलं. तिने अंशतः रिफंडचा भाग पुढे ढकलला. पूर्ण रिफंडचा भाग एका सहकाऱ्याने उचलला. सपोर्टची पाळी पुढच्या आठवड्यातल्या माणसाशी बदलली, पण अलर्टच्या यादीतला माझा नंबर मी मुद्दाम काढून घेतला. पाळी बदलते, नंबर तसाच राहतो, ही नेहमीची चूक.

मंगळवारी सर्वांत आधी अर्धवट कोड बाहेर काढला. `git stash` मध्ये ठेवलेलं आपल्याच लॅपटॉपवर राहतं, ते पुश होत नाही. त्यामुळे स्टॅशमधलं ब्रँचवर आणलं, अर्धवट असल्याचं स्पष्ट लिहून कमिट केलं आणि ढकललं:

```
git stash pop
git add -A
git commit -m "WIP: partial refund pending"
git push -u origin feature/refund-status
```

मग ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट उघडली आणि कार्डवर चार ओळी लिहिल्या: काय चालतं, काय चालत नाही, कोणती टेस्ट फेल होते आणि का, टेस्ट डेटा कुठे आहे. दहा पानांचं डॉक्युमेंट करायला बसू नये. ते कोणी वाचत नाही आणि उरलीसुरली ताकद त्यातच जाते.

संध्याकाळी लीडला मेल केली, प्रॉडक्ट ओनर सीसीमध्ये: बुधवार ते मंगळवार पाच दिवस रजा, कोणतं कार्ड कोणाकडे, सपोर्ट कोणाकडे, परत कधी. कारण फक्त "प्रकृती". तोंडी ठरलेलं आठवड्याभरात विरतं, मेल राहते. रजा अर्जित खात्यातून घेतली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. शिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठते. नैमित्तिक रजा सलग पाच दिवस टाकली की बऱ्याच ठिकाणी पोर्टलच अडवतं.

परतायचा दिवस पुढच्या प्लॅनिंगचा बुधवार ठेवला. मधल्या वारी परतलं की कोणाच्या तरी अडकलेल्या कामाला आपल्याला जुंपतात. त्या प्लॅनिंगला अकराऐवजी पाच पॉइंट घेतले आणि रात्रीच्या कॉलला आठवड्यातून दोनदाच यायचं ठरवून घेतलं.

रिव्ह्यूला पूर्ण रिफंडची स्थिती ॲपमध्ये दिसत होती. अंशतः रिफंडसाठी नवं कार्ड झालं, त्याचा अंदाजही नव्याने घेतला. जुन्या पाचांतले "झालेले तीन" कोणाच्या खात्यावर मांडायचे हा वाद निघालाच. लीडने तो तिथेच मिटवला: अर्धवट स्टोरीला शून्य.