मतांची बेरीज जुळली, टक्के मात्र १०१

विधानसभा निकालाचा तक्ता तपासताना मताधिक्याची वजाबाकी मला कधी अडवत नाही. २०२२ साली गोव्यातील साखळी मतदारसंघात प्रमोद सावंत यांना १२,२५० आणि धर्मेश सगलानी यांना ११,५८४ मते मिळाली, फरक ६६६. हे क्षणात जुळते. दरवेळी जीव जातो तो टक्क्यांच्या रकान्यात, कारण टक्के कोणत्या बेरजेवर काढले ते तक्त्यावर कोणी लिहीतच नाही.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. चार उमेदवार: ८,४००, ७,९००, ३,३२० आणि १८०. 'नोटा' २००. एकूण २०,०००, 'नोटा' वगळून वैध मते १९,८००. एकूण मतांवर पहिल्याचे ४२.०० टक्के होतात, वैध मतांवर ४२.४२. दोन्ही बरोबर. पण उमेदवारांचे टक्के वैध मतांवर आणि 'नोटा'चा १.०० टक्का एकूण मतांवर काढला की रकान्याची बेरीज १०१ होते. अशा वेळी हाताने एखादा आकडा 'दुरुस्त' करू नका. प्रत्येक ओळीत मते भागिले टक्के करून शंभरने गुणा. उमेदवारांच्या मोठ्या ओळींत साधारण १९,८०० येईल, 'नोटा'च्या ओळीत २०,०००. छेद कुठे बदलला ते तिथेच सापडते.

हा नुसता कागदी घोळ नाही. अनामत वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते लागतात, आणि त्यात 'नोटा' धरत नाहीत. १९,८०० चा सहावा भाग ३,३००. तिसऱ्या उमेदवाराची अनामत वाचली. २०,००० धरले तर सहावा भाग ३,३३३ होतो आणि त्याच माणसाची अनामत तुम्ही जप्त करून टाकता! ही चूक छापून आलेली पाहिली की मला अजून संताप येतो.

आता मताधिक्याचे टक्के. ४२.४२ मधून ३९.९० वजा केले तर २.५२ येतात, आणि ५०० मतांचे थेट काढले तर २.५३. हा फरक दशांश गोल केल्याचा आहे, चुकीचा नाही. टक्के टक्क्यांतून वजा न करता मतांच्या फरकावरूनच काढा. मात्र ०.०१ पेक्षा मोठी तफावत दिसली तर छेद पुन्हा तपासा.

आधीच सांगायला हवे होते: मतदानयंत्रातील मते आणि टपाली मते हे दोन रकाने आधी ओळीओळीने जोडून एकूणाशी ताडा. गोव्यातल्याच सांत आंद्रेत २०२२ साली निकाल ७६ मतांचा होता. तिथे टपाली रकाना सुटला तर मताधिक्य हमखास चुकू शकते. टक्क्यांवर विसंबून ही चूक नेहमी पकडता येत नाही. वीस हजार मतांत ०.०१ टक्का म्हणजे दोन मते, त्यामुळे एखाद्या मताची चूक दोन दशांशांत दिसेलच असे नाही. ती उभ्या बेरजेतच सापडते.