दहातले आठ बरोबर, तरी खात्यात पैसे का नाहीत?

माझा आतेभाऊ शेअर बाजारात डिलिव्हरीचे छोटे सौदे करतो. आठवडा-दोन आठवड्यांसाठी शेअर घ्यायचा, थोडा वर गेला की विकायचा. मीही तसंच काही सुरू करायचं ठरवलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, माझे दहातले आठ सौदे बरोबर येतात. मी करतो तसंच कर." मी त्याच्याकडे फक्त ब्रोकरचा नफा-तोट्याचा रिपोर्ट आणि होल्डिंगची, म्हणजे अजून न विकलेल्या शेअरांची, यादी मागितली. त्यानं मोकळेपणानं दोन्ही दिली, आणि पैसे लावण्याआधीचं माझं सगळं शिक्षण त्या दोन कागदांवर झालं.

रिपोर्टमध्ये आठ हा आकडा खराच होता. पण नफ्याचे सौदे दोन-दोन टक्क्यांचे होते आणि तोट्याचे मोजकेच सौदे पाच-सहा टक्क्यांचे. शिवाय होल्डिंगमध्ये काही शेअर बरेच महिने खाली पडलेले होते. ते विकलेले नव्हते, म्हणून रिपोर्टमध्ये तोटा म्हणून धरलेच गेले नव्हते. विन रेट, म्हणजे बरोबर आलेल्या सौद्यांचं प्रमाण, फक्त बंद झालेले सौदे मोजतो. नफ्यातला शेअर लगेच विकला आणि तोट्यातला "लाँग टर्म" म्हणून ठेवून दिला, की तो आकडा आपोआप फुगतो. त्या दिवसापासून कुणाचाही विन रेट ऐकला की मी आधी होल्डिंगमध्ये काय पडलंय ते विचारते.

मग मी वहीत एक सौदा मांडला. शेअर 500 रुपयांना आहे. मागचा तळ 484 चा आहे, म्हणून स्टॉपलॉस, म्हणजे तोटा सोसून बाहेर पडायचा भाव, त्याच्या थोडा खाली, 480 ला. वर 540 च्या आसपास दोनदा विक्री आलेली दिसते, म्हणून टार्गेट 540. जोखीम 20 रुपये, अपेक्षित नफा 40, म्हणजे प्रमाण एकास दोन. माझं भांडवल 2 लाख धरलं आणि एका सौद्यात त्याच्या 1 टक्क्यापेक्षा जास्त घालवायचं नाही असं ठरवलं, तर 2,000 भागिले 20, म्हणजे 100 शेअर घेता येतात.

इथपर्यंत सगळे करतात. खर्च मात्र बहुतेक जण धरत नाहीत. डिलिव्हरीत एसटीटी हा सौद्यावरचा कर खरेदीवर 0.1 टक्का आणि विक्रीवर पुन्हा 0.1 टक्का लागतो. खरेदीवर 0.015 टक्का मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचे थोडे पैसे, आणि विकताना डिमॅट खात्याचा डीपी चार्ज. ब्रोकरेज शून्य धरलं तरी या सौद्याला 130 रुपयांच्या आसपास जातात, म्हणजे शेअरमागे 1.30. हा खर्च नफ्यातून वजा होतो आणि तोट्यात भर घालतो. म्हणून खरे आकडे झाले 38.70 नफा आणि 21.30 तोटा.

आता प्रश्न असा की असे सौदे करत राहिले तर किती टक्के बरोबर आल्यावर मी ना नफा ना तोट्यावर येईन? त्यासाठी तोट्याच्या आकड्याला नफा अधिक तोटा या बेरजेनं भागायचं. 21.30 भागिले 60, म्हणजे साडेपस्तीस टक्के. शीटमध्ये मी ते असं घातलं आहे. बी2 मध्ये एन्ट्री, बी3 स्टॉपलॉस, बी4 टार्गेट, बी5 शेअरमागचा खर्च:

```
=(B2-B3+B5)/(B4-B3)
```

यानंतर मी आतेभावाची पद्धत याच शेअरवर लावून पाहिली. एन्ट्री तीच, स्टॉपलॉस तोच, फक्त टार्गेट 510, कारण त्याला दोन टक्के मिळाले की पुरे. खर्च जाऊन नफा राहतो 8.70, तोटा 21.30 च. त्याला बरोबरीत येण्यासाठीच 71 टक्के सौदे बरोबर यायला हवेत. होल्डिंगमध्ये पडलेले तोटेही धरून समजा शंभरातले 70 बरोबर आले, तर 70 गुणिले 8.70 म्हणजे 609 मिळतात आणि 30 गुणिले 21.30 म्हणजे 639 जातात. शेअरमागे 30 रुपये तोटा. शंभर शेअरांवर 3,000. उलट 540 च्या टार्गेटवर शंभरातले फक्त 40 बरोबर आले, तर 1,548 मिळून 1,278 जातात आणि शेअरमागे 270 उरतात, म्हणजे 27,000. साठ वेळा चुकणारा पुढे, सत्तर वेळा बरोबर येणारा मागे. आतेभावाला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ आकडे पुन्हा पुन्हा गुणत बसला होता.

पण नुसतं प्रमाण मोठं दिसलं म्हणून हुरळून जाण्यातही धोका आहे. याच शेअरमध्ये स्टॉपलॉस 496 ला आणला तर कागदावर एकास दहा दिसतं. मात्र हा शेअर दिवसाला सहज दहा-बारा रुपये वरखाली होतो. चार रुपयांचा स्टॉपलॉस त्या रोजच्या हालचालीतच उडेल आणि बरोबर येण्याचं प्रमाण कोसळेल. तसंच टार्गेट उगाच 580 लिहिलं म्हणून भाव तिथे जात नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी चार्टवरून स्टॉपलॉस, मग चार्टवरूनच टार्गेट, आणि प्रमाण शेवटी. प्रमाण जुळावं म्हणून आधीचे दोन आकडे हलवायचे नाहीत.

दुसरी अडचण स्टॉपलॉसच्या अंमलबजावणीची. मी जीटीटी ऑर्डर लावते, म्हणजे भाव ट्रिगरला पोचला की विक्रीची ऑर्डर आपोआप बाजारात जाते. तिच्यात ट्रिगर 480 आणि विक्रीची मर्यादा 478 असेल, आणि तिमाही निकालानंतर शेअर थेट 465 ला उघडला, तर ऑर्डर लागते पण विक्री होत नाही. ती 478 ला वाट पाहत बसते. ठरवलेला 20 चा तोटा तेव्हा 35 चा होतो. म्हणून निकालाची तारीख जवळ असेल तर मी तो सौदा घेतच नाही, आणि वहीत ठरवलेल्या तोट्याशेजारी प्रत्यक्ष झालेला तोटाही लिहिते. दुसरा आकडा वारंवार मोठा येऊ लागला, तर आधीचं सगळं गणित बदलावं लागतं.

चाळीस टक्क्यांच्या पद्धतीत सलग तोटे सोसावे लागतात, हेही आधीच मोजून ठेवलेलं बरं. कुठलेही पाच सौदे घेतले तर पाचही तोट्यात जाण्याची शक्यता 0.6 चा पाचवा घात, म्हणजे जवळपास 8 टक्के. शंभर सौद्यांत अशी रांग लागणार हे धरूनच चालायचं. एका सौद्याला 1 टक्का जोखीम असेल तर अशी रांग भांडवलाचे सुमारे पाच टक्के नेते, आणि ते पेलवतं.

शेवटचा भाग नमुन्याचा. शंभर सौद्यांत 40 बरोबर आले तरी त्यात नशिबाचा वाटा पाच टक्के इकडेतिकडे सहज असतो. खरं प्रमाण 35 असू शकतं. साडेपस्तीस टक्क्यांची बरोबरी असलेला सौदा मग काठावरचा ठरतो. म्हणून बरोबरीचा आकडा 33 च्या वर आला तर मी त्या किमतीला शेअर घेत नाही. वरच्याच उदाहरणात 500 ऐवजी 496 ची खरेदीची ऑर्डर लावली, तर स्टॉपलॉस आणि टार्गेट न हलवता 17.30 भागिले 60 होतं, म्हणजे 29 टक्के. चार रुपयांनी एवढा फरक पडतो. अशा ऑर्डरी अनेकदा लागत नाहीत, शेअर खाली न येताच वर निघून जातो, आणि मी पुढच्या शेअरचे तीन आकडे मांडायला घेते.